७२ लाखांचा फ्लॅट आणि दरवर्षी पुढे सरकणारं मार्जिन

गृहकर्जाच्या फायली पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातलं हे एक प्रकरण. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील थोडे फिरवले आहेत आणि आकडे गोल केले आहेत, हिशेब मात्र तसाच ठेवला आहे.

नवरा चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात, बायको खासगी शाळेत शिक्षिका. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिन्याला १ लाख १५ हजार. पिंपरी-चिंचवडमध्ये १८ हजार भाड्याच्या वन बीएचकेत राहत होते, मुलगी पहिलीत जायची होती. रावेतजवळ एका नव्या प्रकल्पात टू बीएचके पाहिला होता, करारनाम्याची किंमत ७२ लाख, ताबा अडीच वर्षांनी. जवळ ६ लाखांची एफडी, ४ लाख शेअर बाजाराच्या म्युच्युअल फंडात आणि नवऱ्याच्या पीएफमध्ये साधारण साडेपाच लाख. महिन्याला ४० हजार बाजूला पडत होते.

त्यांचा हिशेब असा होता: बँक ८० टक्के देते, म्हणजे मार्जिन म्हणून आपल्याला २० टक्के भरायचे, १४ लाख ४० हजार. दहा लाख आहेतच, उरलेले वर्षभरात जमतील. मुलीच्या मामाने वर टाकून दिलं होतं, "भाव दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढतात, वर्षभर कशाला थांबता? पर्सनल लोन काढा आणि आत्ताच बुक करा." ते माझ्याकडे आले ते या पर्सनल लोनबद्दल विचारायला.

२० टक्के म्हणजे नेमके किती

पहिली दुरुस्ती त्या १४ लाख ४० हजारांत करावी लागली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. पण ही 'किंमत' मोजताना मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि कागदपत्रांचा खर्च त्यात धरता येत नाही. तो सगळा खिशातून.

पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के पडतं. ७२ लाखांवर ते ५ लाख ४ हजार. करारनाम्याची किंमत आणि सरकारी रेडी रेकनरची किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर ते लागतं, हेही लक्षात ठेवायचं. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल मर्यादा ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. (४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घराला तो एकच टक्का आहे, पण यांचं घर त्यात बसत नव्हतं.) काही बँका जीएसटी किमतीत धरून त्यावर कर्ज देतात, काही देत नाहीत. यांची बँक देत नव्हती.

बेरीज केली: १४.४० अधिक ५.०४ अधिक ०.३० अधिक ३.६०, म्हणजे २३ लाख ३४ हजार. किमतीच्या ३२ टक्क्यांहून थोडे जास्तच. ताब्याच्या वेळी सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स, वीजजोड, वकील, मग ग्रिल, पंखे, किचनची ट्रॉली हे वेगळं. ते चार-साडेचार लाख मी या बेरजेत धरलेच नाहीत, कारण त्याला अडीच वर्षं होती.

जमेच्या बाजूलाही कात्री लागली. दहा लाखांतले तीन लाख मी बाजूला काढायला लावले. हप्ता सुरू झाला आणि कारखान्यात दोन महिने ले-ऑफ लागला तर हप्ता कुठून भरणार? चाकणच्या पट्ट्यात हा प्रश्न काल्पनिक नाही. उरले सात लाख. चार लाख चाळीस हजारांची वाटणारी तूट प्रत्यक्षात सव्वासोळा लाखांची निघाली. बायको म्हणाली, "मग एवढे दिवस आम्ही काय हिशेब करत होतो?" बहुतेक जण तोच करतात. बिल्डरच्या पत्रकावर 'फक्त २० टक्के भरा' एवढंच लिहिलेलं असतं.

पर्सनल लोन का नको

मामाच्या सल्ल्यात एक हिशेब राहून गेला होता. पाच लाखांचं पर्सनल लोन १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला ११ हजार १२२ येतो. बँका सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत चालवून घेतात. यांच्या बाबतीत ती मर्यादा ५७ हजार ५०० होती. गृहकर्जाचा हप्ता ८.५ टक्के आणि २० वर्षं धरली तर लाखाला ८६८ रुपये. पर्सनल लोन नसताना त्यांना ६६ लाखांपर्यंत गृहकर्ज बसत होतं. पर्सनल लोन घेतल्यावर गृहकर्जाच्या हप्त्याला उरतात ४६ हजार ३७८, आणि कर्ज बसतं ५३ लाखांचं. त्यांना हवे होते ५७ लाख ६० हजार.

म्हणजे पाच लाख उसने आणून पावणेतेरा लाखांची पात्रता घालवायची. मार्जिनची तूट भरायला काढलेलं कर्ज मार्जिनच वाढवतं. ते लपवताही येत नाही, कारण सिबिलच्या अहवालात ते आठवड्या-दोन आठवड्यांत दिसू लागतं. गृहकर्ज मंजूर झाल्यावर मधल्या काळात पर्सनल लोन घेणारेही पाहिले आहेत. पैसे सोडण्याआधी बँकेने सिबिल पुन्हा काढलं की फाईल अडकते आणि तोवर करारनामा नोंदवून झालेला असतो.

भाव खरोखर किती वाढतो

'दरवर्षी दहा टक्के' हा आकडा कुठून आला, असं विचारल्यावर नवऱ्याने बिल्डरच्या सेल्स ऑफिसचं नाव घेतलं. तिथला भाव हा मागितलेला भाव असतो. झालेला व्यवहार पाहायचा तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, शोधता येतो. गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर टाकला की त्या वर्षात नोंदलेले दस्त येतात, त्यात मोबदल्याची रक्कम आणि क्षेत्रफळ दोन्ही असतं. कष्टाचं काम आहे, साइट अधूनमधून रुसते, कॅप्चा दोन-तीनदा टाकावा लागतो. पण एकाच सोसायटीतले चार-पाच वर्षांचे दस्त समोर ठेवले की चौरस फुटाला खरी वाढ किती झाली ते कळतं. तुलना करताना एका दस्तात कार्पेट आणि दुसऱ्यात बिल्टअप असं मोजमाप मिसळू द्यायचं नाही, नाहीतर वाढ उगीच मोठी दिसते.

बायकोने शाळेच्या सुट्टीत बसून हे केलं. त्यांना हव्या त्या भागातल्या नव्या प्रकल्पांत वाढ सात टक्क्यांच्या आसपास निघाली, आणि आठ-दहा वर्षं जुन्या सोसायट्यांत पाचच्या आसपास. हे आकडे त्या भागाचे आणि त्या काळाचे. दुसऱ्या कुणी ते जसेच्या तसे उचलू नयेत.

दोन शर्यती

आता सात टक्के धरून पुढची चार वर्षं मांडली. फ्लॅट ७२ वरून ७७, मग साडेब्याऐंशी, मग सव्वाअठ्ठ्याऐंशी आणि चौथ्या वर्षाअखेर साधारण ९४ लाख ४० हजार. करारनाम्याच्या वेळी लागणारी स्वतःची रक्कम २३.३ वरून वर्षाला दीड-पावणेदोन लाखांनी वाढत तिसऱ्या वर्षी साडेअठ्ठावीस लाखांवर जाते. यांची बचत वर्षाला ४ लाख ८० हजार. म्हणजे मार्जिन पळत असलं तरी यांच्यापेक्षा हळू पळतं. सात लाखांवर सहा टक्के व्याज आणि दरमहा चाळीस हजार धरले तर चौथ्या वर्षाअखेर ३० लाख ४० हजार जमतात. पगारवाढीबरोबर बचत दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवली तर साडेतीन वर्षांत गाठ पडते. लोकांना वाटतं तसा हा पाठलाग हताश नाही.

चौथ्या वर्षी मात्र एक खाच लागते. ९३ लाख ७५ हजारांच्या ८० टक्के म्हणजे बरोबर ७५ लाख. किंमत त्याच्या वर गेली की ८० टक्क्यांचा टप्पा संपतो, आणि एक कोटीपर्यंत कर्ज ७५ लाखांवरच थांबतं. त्या मधल्या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया पूर्णपणे घेणाऱ्याच्या खिशातून जातो. एक कोटीला स्वतःचे २० नाही, २५ लाख लागतात, वर मुद्रांक शुल्क आहेच. अशीच खाच खाली ३३ लाख ३३ हजार ते साडेसदतीस लाखांमध्ये आहे. तुमचं घर या पट्ट्याच्या उंबरठ्यावर असेल तर सहा महिन्यांचा उशीर नेहमीपेक्षा महाग पडतो.

पण मला काळजी होती ती दुसऱ्या शर्यतीची, हप्त्याच्या. आज ५७ लाख ६० हजार कर्जाला हप्ता ५० हजार, पगाराच्या साडेत्रेचाळीस टक्के. चार वर्षांनी ७५ लाखांच्या कर्जाला ६५ हजार. पगारही वर्षाला सात टक्क्यांनी वाढला तर प्रमाण तेवढंच राहतं. नवऱ्याच्या गेल्या पाच वर्षांच्या पगारपत्रकांत सरासरी वाढ सहाच्या आत होती आणि बायकोच्या शाळेत त्याहूनही कमी. पाच टक्के धरले तर हप्ता पगाराच्या ४६-४७ टक्क्यांवर जातो. त्यात बांधकाम चालू असलेलं घर: ताबा मिळेपर्यंत सुटलेल्या रकमेवरचं व्याज भरायचं आणि १८ हजार भाडंही भरायचं.

म्हणजे बचत करून मार्जिन गाठता येत होतं आणि ते गाठेपर्यंत हप्ता हातातून निसटत होता. अशा वेळी 'पैसे कुठे गुंतवू म्हणजे भावाला मागे टाकीन' हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला असतो. भाव आणि पगार यांच्यातलं अंतर गुंतवणुकीने भरत नाही; लक्ष्य बदलावं लागतं.

शेअर बाजाराचा मोह

तरी नवऱ्याने तो प्रश्न विचारलाच. एफडीत सहा टक्के, फंडात बारा मिळतील, मग सगळं फंडात का नको? मी त्याला टक्क्यांऐवजी महिन्यांत उत्तर दिलं. दोन वर्षांच्या मुदतीत सरासरी बारा लाख रुपये बाजारात राहिले आणि वर्षाला पाच-सहा टक्के जास्त मिळाले, तर जादा फायदा साधारण सव्वा लाखाचा. म्हणजे तुमची तीन महिन्यांची बचत. २०२० च्या जानेवारी ते मार्चमध्ये निफ्टी एक तृतीयांशाहून जास्त खाली आला होता. तसं बुकिंगच्या तोंडावर झालं तर बारा लाखांतले चार लाख गेले, म्हणजे दहा महिन्यांची बचत. तीन महिने लवकर पोचण्यासाठी दहा महिने उशिरा पोचण्याचा धोका पत्करायचा का, हे तुम्हीच ठरवा. बायकोने तिथल्या तिथे ठरवलं. चार लाखांचा फंड दोन टप्प्यांत मोडून एफडीत टाकला, एसआयपीच्या जागी आरडी सुरू केली आणि ती पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापली जाईल अशी तारीख घेतली. मुदत सात-आठ वर्षांची असती तर मी वेगळं सांगितलं असतं.

जुनं घर, लहान लक्ष्य

नवीन लक्ष्य ठरलं: मोशीच्या बाजूला दहा वर्षं जुन्या सोसायटीतला टू बीएचके, तेव्हाचा भाव ५८ लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला जीएसटी नाही. २० टक्के, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून सुमारे १६ लाख लागत होते. २३ ऐवजी १६. नवऱ्याला हे फारसं रुचलं नाही. क्लब हाऊस नाही, लिफ्ट एकच, आणि गावाकडे सांगताना 'नवा फ्लॅट' म्हणता येत नाही. या शेवटच्या कारणाला मी कमी लेखत नाही, त्यापायी अनेक जण दहा लाख जास्त मोजतात.

वीस महिन्यांनी प्रत्यक्ष खरेदी झाली तेव्हा दोन गोष्टी आडव्या आल्या, आणि रीसेलमध्ये त्या जवळपास प्रत्येकाला येतात.

पहिल्या ज्या घराची बोलणी झाली, तिथला मालक म्हणाला, करारनामा ५० लाखांचा करू, वरचे नऊ रोख द्या, तुमचंही मुद्रांक शुल्क वाचेल. शुल्क वाचतं साधारण साठ हजार. पण बँक कर्ज देते करारनाम्यावर: ५० लाखांवर ४० लाख. मग स्वतःचे लागतात १९ लाख, ५९ च्या करारात लागले असते ११ लाख ८० हजार. साठ हजारांसाठी सव्वासात लाख जास्त उभे करायचे, तेही रोखीत. पुढे विकताना तुमची खरेदी किंमत कागदावर ५० च राहते आणि नफ्यावरचा कर तुम्ही भरता. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं प्राप्तिकर कायद्याला चालत नाही, त्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे. ते घर सोडलं.

दुसरं घर ६१ लाखांना ठरलं. बँकेच्या व्हॅल्युअरने किंमत लावली ५९. करार आणि व्हॅल्युएशन यांत जी कमी, तिच्यावर कर्ज: ४७ लाख २० हजार. त्यामुळे स्वतःची रक्कम १२ लाख २० हजारांवरून १३ लाख ८० हजारांवर गेली. रीसेल घेणाऱ्याने ठरलेल्या मार्जिनवर किमतीच्या दोन-तीन टक्क्यांची गादी ठेवावी ती यासाठीच. टोकन देण्याआधी त्याच सोसायटीत आपल्या बँकेने आधी किती व्हॅल्युएशन लावलं होतं, हे शाखेत विचारता येतं. अधिकृतपणे सांगत नाहीत, पण अंदाज देतात.

घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं. महाराष्ट्रात सगळे खरेदीदार महिला असतील तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ६१ हजार वाचले. नवरा कर्जात सहअर्जदार राहिला, बँकेला तेवढं पुरतं. दोघांच्या नावावर घर असलं की दोघांना व्याजाची करसवलत मिळते, हे जुन्या करप्रणालीतलं गणित. हे दोघे नव्या प्रणालीत होते, तिथे स्वतः राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही, त्यामुळे गमावण्यासारखं काही नव्हतं. ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, ते ६१ हजार त्यांनी मालकाच्या पॅनवर भरले. तो जादा खर्च नाही, पण भरायचा विसरला तर व्याज आणि विलंब शुल्क घेणाऱ्याच्या गळ्यात येतं.

शेवटचा हिशेब असा बसला. स्वतःचे १३.८०, मुद्रांक शुल्क ३.६६, नोंदणी ०.३०, एजंटची दलाली एक टक्का ०.६१, बँकेचा आणि वकिलाचा खर्च २५ हजार, सोसायटीचं हस्तांतर शुल्क २५ हजार. एकूण १८ लाख ८७ हजार. वीस महिन्यांत व्याजासकट जमले होते १६ लाख ४० हजार. उरलेले अडीच लाख पीएफमधून घरासाठी काढले. पीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज होतं, तेही करमुक्त, त्यामुळे मी त्याला सुरुवातीला हात लावू दिला नव्हता. शेवटच्या तुटीसाठी मात्र आणखी सहा महिने भाडं भरत थांबण्यापेक्षा ते बरं. अर्ज एकदा नावातल्या स्पेलिंगच्या फरकाने परत आला. आधार आणि पीएफच्या नोंदी जुळवण्यात तीन आठवडे गेले, आणि ते टोकन दिल्यानंतरचे तीन आठवडे होते. हे काम घर शोधायला लागण्याआधीच करून ठेवावं.

रावेतचा तो ७२ लाखांचा फ्लॅट तोपर्यंत ७९ ला गेला होता. त्यासाठी साडेपंचवीस लाख लागले असते आणि हप्ता पंचावन्न हजार. मोशीच्या घराचा हप्ता बसला ४१ हजार, पगाराच्या एक तृतीयांशाइतका. पगारवाढीबरोबर वाढलेली बचत आणि थांबलेलं भाडं मिळून त्यांच्याकडे दरमहा ६२ हजार मोकळे होत होते, त्यातून हप्ता जाऊन वीस-एकवीस हजार उरतात. बाजूला काढलेले तीन लाख तसेच आहेत. नवरा अजून लिफ्टबद्दल कुरकुरतो, आणि पावसाळ्याआधी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सोसायटीने प्रत्येकी अठरा हजार मागितले तेव्हा त्याने मला मुद्दाम फोन करून सांगितलं.